न आलेल्या शेंगदाण्याची चिक्की

मी जे केलं ते एका बोटानं केलं. माउसचं बटण दाबलं, चौकटीचा कोपरा धरला आणि खाली ओढला. पहिल्या ओळीत ‘शें-41’ मी हातानं टाइप केलं होतं. खालच्या चार ओळींतही तेच यायला हवं होतं. पण एक्सेलला वाटलं, या माणसाला पुढचे आकडे हवे असणार. त्यानं मनानंच 42, 43, 44, 45 लिहून दिलं. मी तोवर चहाला उठलो होतो.

शें म्हणजे शेंगदाणा. 41 म्हणजे आमच्याकडं आलेला त्याचा एक्केचाळिसावा लॉट. कळंबच्या पुढं हायवेच्या खालच्या अंगाला पत्र्याचं मोठं शेड दिसतं, तिथं आम्ही चिक्की करतो. आम्ही म्हणजे दादाभाऊ मालक, कढईवरच्या बाया, गाडीवाला सोपान, ऑफिसात मी, आणि क्वालिटीला प्रतीक्षाताई. मी मंचरला बीकॉम केलंय. बोरी बुद्रुकला घरचे सांगतात, पोरगं कंपनीत कम्प्युटरवर आहे. खोटं नाही ते.

कम्प्युटरवर माझं काम एकच. माल आला की त्याला लॉट नंबर पडतो, पोत्याला चिठ्ठी बांधली जाते. त्या लॉटमधून किती पोती कुठल्या बॅचला गेली, ते कढईपाशी धोंडाबाई बॅच कार्डावर लिहितात. त्या बॅचची खोकी कुणाकुणाला गेली, ते सोपानच्या चलनावर असतं. हे तिन्ही एका शीटमध्ये जोडायचं. एका टोकाला शेंगदाण्याचं पोतं, दुसऱ्या टोकाला ती चिक्की खाणारा. उद्या पोत्यात काही निघालं तर कुणाकडं धावायचं ते पाच मिनिटांत कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. वर्षातून एकदा आम्ही त्याची रंगीत तालीमही करायचो. तालमीला नेहमी गूळ घ्यायचो, कारण गुळाच्या नोंदी चांगल्या होत्या.

ही शीट प्रतीक्षाताईंची कल्पना. दादाभाऊ म्हणायचे, “ताई, आपण चिक्की करतो का जनगणना?”

त्यावर ताई काही बोलायच्या नाहीत. त्यांच्याकडं उत्तर नसायचं असं नाही, ताकद नसायची.

प्रतीक्षाताई निरगुडसरच्या. वय अडतीस-चाळीस. घोडेगावला कॉलेज, पुण्यात खाद्यपदार्थांचा डिप्लोमा, मग रांजणगावला बिस्किटाच्या एका कंपनीत वर्षानुवर्षं रात्रपाळी. तिथली झोप अजून वसूल व्हायची आहे असं त्या म्हणतात. पुढं सासूबाईंचे गुडघे गेले आणि घरात रात्री कुणीतरी असावं म्हणून त्या आमच्याकडं आल्या. पगार कमी झाला, दिवसाचं काम मिळालं. नवरा बुद्धभूषण चाकणला कंत्राटावर, आठवड्याला येतो. पोरगी सातवीत.

सकाळी स्कूटीवरून येतात तेव्हाच त्यांचा चेहरा संध्याकाळचा असतो. डोक्याच्या जाळीच्या टोपीचा वळ कपाळावर पडलाय तो रविवारीही जात नाही. जेवण उभ्यानं. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात ओलावा मोजायचं यंत्र. पांढऱ्या कोटाला सुतळीनं पेन बांधलेला, कारण आमच्या शेडमध्ये पेन टिकत नाही. मी दोन-तीन नेलेत. कढईत गूळ चढला की नुसत्या वासावरून त्या लांबून ओरडतात, “धोंडाबाई, उतरवा!” धोंडाबाई म्हणतात, “उतरवतेच व्हते की.” दोघी रोज हेच बोलतात. आणि रोज सगळ्या कागदांवर सही करायची ती ताईंनी. कढईचं तापमान, हातांची स्वच्छता, उंदराचे सापळे, पाण्याची तपासणी, आणि माझी शीट.

मी एकदा विचारलं होतं, “ताई, एवढ्या सह्या करताना वाचता का हो?”

“सुरुवातीला वाचायचे,” त्या म्हणाल्या. “तू नीट लिहितो ना?”

“म्हंजे काय.”

संक्रांतीच्या आधीचे दिवस होते. आमच्या धंद्यात तेव्हा माणसं माणसांसारखी दिसत नाहीत. सगळ्यांच्या पापण्यांवर गुळाची वाफ. त्या दिवशी ताईंनी अर्धी रजा टाकली होती. पोरीच्या शाळेत गॅदरिंग होतं, पोरगी लावणीला होती. त्यांनी साडी पिशवीत घालून आणली होती, वर कोट. बारा वाजता निघणार होत्या.

अकराच्या सुमारास शेंगदाणेवाल्याचा फोन आला. भाजून, सोलून, दोन फाका केलेला शेंगदाणा तो आम्हाला देतो. आवाज असा की कुणी वारलंय. त्याच्या चाळणीची जाळी फाटली होती. कधी फाटली ते त्याला ठाऊक नव्हतं. साफसफाई करताना कळलं. तारेचे तुकडे मालात गेले असणार. त्यानं त्याचा लॉट सांगितला, बिलाची तारीख सांगितली. मी आवक रजिस्टर उघडलं. आमचा शें-41. दहा पोती.

ताईंनी फोन माझ्या हातातून घेतला. “तार कसली? लोखंडी का स्टील?”

“स्टीलची, ताई.”

त्यांनी डोळे मिटले. आमच्याकडं शेंगदाणा कढईकडं जाताना लोहचुंबकावरून जातो. लोखंडाचा कण असेल तर तो धरतो, पण असल्या स्टीलच्या बारीक तारेला तो ओळखसुद्धा दाखवत नाही. धातू शोधायचं खरं यंत्र महाग, ते दादाभाऊ दर दिवाळीला ‘पुढच्या दिवाळीला’ घेतात.

“आदेश, शीट.”

मी शीट उघडली. शें-41 वर गाळणी, म्हणजे फिल्टर, लावली. एकच ओळ आली. एक बॅच, सगळी खोकी मंचरच्या एका होलसेलवाल्याकडं. फोन लावला. तो म्हणाला, खोकी गोडाऊनलाच आहेत, हात लावलेला नाही. त्याला सांगितलं, लावूही नका, बाजूला काढून ठेवा, वर चिठ्ठी चिकटवा, विकायची नाहीत.

दादाभाऊ दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी हात जोडून छताकडं पाहिलं. “बघा ताई! तुमची जनगणना कामाला आली. एक फोन, विषय संपला.”

मला तर माझाच अभिमान वाटला. मी म्हटलं, “पाच मिनिटंबी लागली न्हाईत, दादाभाऊ. चहा सांगा.”

ताईंनी पिशवीतली साडी चाचपली. घड्याळ पाहिलं. खरं तर त्या निघाल्याच होत्या. दारापर्यंत गेल्या, चप्पल घातली, आणि तिथून मागं वळल्या.

“एका बॅचला पोती किती लागतात रे?”

“दोन.”

“आली किती व्हती?”

“दहा.”

“मग आठ कुठायत?”

मी म्हटलं, “स्टोअरला असतील.”

“स्टोअरला सकाळी मीच गेले व्हते. एकेचाळीसचं एक पोतं न्हाई.”

आता खरं सांगायचं तर मला तेव्हाही काही सुचलं नव्हतं. आठ पोती शेंगदाणा कुणाच्या लक्षात न येता चोरीला जात नाही. ताई चप्पल घालूनच खुर्चीत बसल्या, गाळणी काढली आणि शीट खालपर्यंत वाचू लागल्या. पेनाचं टोक पडद्यावर एकेका ओळीवरून खाली आलं. पहिल्या बॅचला शें-41. दुसरीला शें-42. तिसरीला 43. टोक थांबलं.

“बेचाळीस कधी आला?”

“परवा.”

“फोडला का?”

“न्हाई अजून. दारातच लावलाय.”

“आणि त्रेचाळीस?”

त्रेचाळीस आलाच नव्हता. चव्वेचाळीस, पंचेचाळीस अजून कुणाच्या तरी रानातून आले नव्हते, भाजायचं तर लांबच.

“आदेश,” ताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. “न आलेल्या शेंगदाण्याची चिक्की केली का रे आपण?”

कपाटातून बॅच कार्डांची फाइल काढली. धोंडाबाईंचं अक्षर मोठं, एका ओळीत चार शब्द मावतात. पाचही कार्डांवर शें-41, दोन दोन पोती. पाचही कार्डांच्या खाली गुळाचा अंगठा. कढईवर नोंद बरोबर होती, ऑफिसात येऊन बिघडली होती. मी कोपरा धरून ओढल्याचं सांगितलं. ताईंनी शीट छापून घेतलेला कागद काढला. खाली त्यांची सही होती. लांब शेपटीची, घाईत केलेली.

त्या सहीवर बोट ठेवून मला म्हणाल्या, “तू ओढलंस. मी न बघता सही केली. चल, वाटून घेऊ.”

त्यांना त्या दिवशी काय हवं होतं ते साधं होतं. त्या पाच बॅचमधलं पाकीट कुणाच्या दाताखाली जायच्या आत परत यावं.

दादाभाऊंना ते पटवायला वेळ गेला. माणूस वाईट नाही. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचा व्यापार करून वर आलेला, क्रेटच्या हिशोबात विचार करतो. ते म्हणाले, “एक बॅच परत बोलावली तर लोक म्हणतात, काळजी घेणारा माणूस. पाच बोलावल्या तर म्हणतात, ह्याचा मालच खराब. संक्रांत तोंडावर आलीय, ताई. पाचही बॅचमधी तार असंल कशावरून?”

“नसंल कशावरून?”

“तो शेंगदाणेवालाच म्हणतोय, कधी फाटली ठाऊक न्हाई.”

“म्हणूनच तर सगळा लॉट धरायचा. कधी फाटली ते कळलं असतं तर अर्धा सोडला असता.”

“आणि शीटवर तर एकच बॅच दिसतीय,” दादाभाऊ हळूच म्हणाले.

शेडमधल्या सगळ्या बाया ऐकत होत्या. ताईंनी सुतळीचा पेन कोटापासून सोडवला आणि टेबलावर ठेवला.

“दादाभाऊ, शीट चुकीची आहे हे आता आपल्या तिघांना ठाऊक झालंय. ठाऊक नसतं तर गोष्ट येगळी व्हती. पोराच्या घशात तार गेली तर त्या कागदावर आदेशचं नाव नसतंय, तुमचंबी नसतंय, माझं असतंय. तुमाला एकच बॅच बोलवायची तर दुसरा मानूस बघा सहीला. मी गॅदरिंगला जाते. तसाबी उशीर झालाय.”

दादाभाऊंनी पेन उचलून त्यांच्यापुढं सरकवला. “लगेच काय पेन ठेवता, राव. बोलवा. पाचही बोलवा.” मग माझ्याकडं वळून, “आणि तू रे, कम्प्युटरवाल्या. ओढायचंच व्हतं तर विहिरीचं पाणी ओढायचं.”

तेव्हापासून शेडमध्ये माझं नाव ‘ओढ्या’ पडलं. अजून आहे.

मग कामाला लागलो. ताईंनी कोऱ्या कागदावर पाच बॅचचे पाच रकाने पाडले. यावेळी बॅच कार्डं आणि सोपानची चलनं समोर ठेवून. किती खोकी झाली, किती गेली, कुणाकडं, किती परत. पहिली बॅच मंचरला, ती अडकवून झाली होती. दुसरी नारायणगाव एसटी स्टँडच्या टपऱ्यांवर. तिसरी जुन्नरच्या दुकानांत. चौथी सुदैवानं आमच्याच गोडाऊनला, ती धोंडाबाईंनी लाल रिबिनीनं बांधून कोपऱ्यात ढकलली. मी फोन करत होतो. जुन्नरचा एक दुकानदार म्हणाला, “पावणं, चिक्की परत मागता? लोकं तर पैशे मागतात.” मी त्याला तार सांगितली तशी त्याचा सूर बदलला, स्वतःच खोकी मोजायला लागला. ताईंनी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवायचं पत्र तयार केलं. दादाभाऊंनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला, सही केली.

पाचवी बॅच आहुप्याकडं गेली होती. आहुप्याच्या अलीकडं एका वाडीत एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह आहे. मधल्या वेळच्या खाण्याला आमची चिक्की जाते. सोपान परवाच टाकून आला होता. तिथं फोन लागायचा तर कुणीतरी टेकडीवर उभं राहायला लागतं. मी बारा वेळा लावला. बारा वेळा एका बाईनं सांगितलं की ग्राहक क्षेत्राबाहेर आहे.

“सोपान, गाडी काढ,” ताई म्हणाल्या.

पिकअपमध्ये पुढं तिघं. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यात. घोडेगाव सुटलं तशा ताई झोपल्या. बसल्या बसल्या, मान सरळ ठेवून, कोटाच्या बाह्या तशाच. रात्रपाळीवाल्यांना अशी झोप येते म्हणे. डिंभ्याच्या धरणाचं पाणी बाजूनं चालत राहिलं. त्यांच्या मांडीवरचा मोबाइल थरथरला. नवऱ्यानं चाकणहून विचारलं होतं, पोरीचा नाच झाला का? मी वाचायला नको होतं, पण मोबाइल माझ्याच गुडघ्याला लागत होता. सोपान म्हणाला, “उठवू नगं. घाट आला की आपोआप उठत्यात.” उठल्या. निरोप पाहिला. काही लिहिलं, पुसलं, मोबाइल पालथा ठेवला.

“शाळेवाल्या बाईंना सांगितलंय व्हिडिओ काढायला,” एवढंच म्हणाल्या.

वसतिगृहाचा स्वयंपाक प्रयागबाई बघतात. जाडजूड बाई, पदर खोचलेला, आम्हाला पाहून म्हणाल्या, “आत्ता? चिक्की तर परवाच आली.” ताईंनी सांगितलं. तारेचं ऐकून प्रयागबाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि ओट्याला टेकल्या.

“अगं बाई. काल ती हर्षाली म्हणली, टोचतंय. थुकली. मी म्हणले, नखरे करती. शिव्या घातल्या मी तिला.”

ताईंच्या चेहऱ्यावरचा थकवा तसाच राहिला, पण त्याखाली सगळं ताठ झालं. “कुठाय ती?”

हर्षाली चौथी-पाचवीतली. दोन वेण्या, नजर बारीक. ताईंनी तिला पायरीवर उजेडाकडं तोंड करून बसवलं, मोबाइलचा दिवा लावला, हिरडी पाहिली. बाजूला एक लाल ओरखडा होता, सुकत आलेला. गिळताना दुखतं का, पोटात दुखतं का, शी करताना काही, सगळं विचारलं. काही नव्हतं. तरी ताईंनी प्रयागबाईंना सांगितलं, आजच आरोग्य केंद्रात दाखवा, सोपान गाडीतनं नेईल. आणि मला म्हणाल्या, “लिहून घे. नाव, काय झालं, कधी. हे बी पत्रात जाणार.”

“दादाभाऊ...” मी म्हटलं.

“दादाभाऊंना मी सांगते.”

थुंकलेला घास मातीत गेला होता. तार सापडली नाही. पण खोक्यातलं न फोडलेलं एक पाकीट ताईंनी उजेडात धरून तोडलं. दुसरं तोडलं. कितव्या तरी वडीत शेंगदाण्याच्या फाकेला चिकटून एक बारीक, चकचकीत, केसासारखं काही होतं. त्यांनी नखानं ते उचललं, तळहातावर ठेवलं. मी खिशातली लोहचुंबक लावलेली किल्लीची साखळी जवळ नेली. तार हलली नाही. सोपान म्हणाला, “आयला.”

एका टोकाचं पोतं आणि दुसऱ्या टोकाची पोरगी. मधे माझी एक ओढलेली चौकट. मी पहिल्यांदाच ती शीट पाहिली म्हणायला हरकत नाही.

खोकी मोजली. तीन फोडलेली, एक बंद. पण फोडलेल्यांतली पाकिटं जेवढी असायला हवी होती तेवढी नव्हती.

“पोरींनी खाल्ली असतील,” मी म्हणालो.

प्रयागबाई कसंनुसं हसल्या. “खाल्ली न्हाईत. घरी न्यायला ठेवल्यात. संक्रांतीला घरी जात्यात ना. एक एक पाकीट साठवून धाकट्या भावंडांना नेत्यात.”

म्हणजे पत्र्याच्या पेट्या. लांब खोलीत भिंतीला लावून पेट्यांची रांग, प्रत्येकीला कुलूप, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. आणि पोरी दारात उभ्या, चेहऱ्यावर असा भाव की आम्ही जप्ती घेऊन आलोय. मी म्हटलं, “चला, पेट्या उघडा.” एकही हलली नाही.

ताईंनी मला बाजूला केलं आणि जमिनीवर बसल्या. खरंच बसल्या, फतकल मारून, उभं राहायचं त्राण नसल्यासारख्या. तळहातावरची तार पोरींपुढं धरली. “ही बघा. हिच्या तोंडात ही टोचली. तुमच्या भावाच्या तोंडात टोचली तर? मी चिक्कीवालीच हाय. माझीच चूक हाय. मला परत द्या.”

“चूक तुमची आन् चिक्की आमची जानार व्हय?” हर्षाली म्हणाली. जिला टोचलं तीच.

“हां,” ताई म्हणाल्या. “असंच हाय बाई.”

“मग आमाला काय?”

गाडीत दुसरा माल नव्हता. आम्ही परत न्यायला आलो होतो, द्यायला नाही. तेवढ्यात प्रयागबाई आत गेल्या आणि गुळाची एक अख्खी ढेप घेऊन आल्या. वसतिगृहाच्या कोठीतली. बत्त्यानं फोडली. “पाकीट द्या, खडा घ्या,” म्हणाल्या. “घरी न्यायला कागदात बांधून देते.” आणि माझ्याकडं वळून खालच्या आवाजात, “ढेप माझ्या अंगावर यील. तुमी परत पाठवा, भाऊ. कोठी मोजत्यात इथं.”

“पुढच्या फेरीलाच,” मी म्हणालो.

कुलपं उघडायला लागली. फ्रॉकच्या घडीतून, वह्यांच्या खालून, एकीनं तर मोज्यात घातलेलं पाकीट काढलं. ताई प्रत्येक पाकिटाचा बॅच नंबर वाचून मला सांगत होत्या, मी रेघ मारत होतो. रिकामी वेष्टनंही मागत होत्या. खाल्लेलंही मोजायचं असतं. एका पोरीनं वेष्टनाचं पुस्तकाला कव्हर घातलं होतं. ताईंनी ते काढून न घेता फक्त नंबर वाचला.

परतताना हर्षाली आणि प्रयागबाईही गाडीत होत्या, आरोग्य केंद्रापर्यंत. मी मागं खोक्यांवर बसलो. डॉक्टर म्हणाले ओरखडा वरवरचा आहे, घाबरायचं नाही, तरी लक्ष ठेवा. ताई बाहेर बाकावर भिंतीला डोकं टेकून बसल्या आणि त्यांचे खांदे पहिल्यांदा खाली आले. तिथं रेंज होती. व्हिडिओ आला होता. त्यांनी तो आवाज न लावता पाहिला. मी विचारलं, “कशी नाचली?” म्हणाल्या, “साडी पिशवीतच राहिली बघ.” भलतंच उत्तर होतं, पण मी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या दिवसांत सगळं जमत गेलं. नारायणगावच्या टपऱ्यांवरची थोडी पाकिटं विकली गेली होती, एसटीत बसून कुठं गेली कुणास ठाऊक. टपऱ्यांवर कागद लावले, मंचरच्या एका पेपरात चौकट दिली. बाकीचं सगळं परत आलं. ताईंचा पाच रकान्यांचा कागद शेवटी बेरजेला लागला. जेवढं सापडलं नाही तेवढं ‘सापडलं नाही’ म्हणून लिहिलं. अधिकारी येऊन गेले. कार्डं पाहिली, चुकीची शीट पाहिली, दुरुस्त केलेली पाहिली. चुकीची पुसू नका, म्हणाले, दोन्ही ठेवा. परत आलेला माल त्यांच्यासमोर खड्ड्यात गेला. गुळाचा वास शेडभर. धोंडाबाई तोंड फिरवून उभ्या होत्या.

आता शीटमध्ये लॉट नंबर टाइपच करता येत नाही. आवक रजिस्टरला जो लॉट आलाय तोच यादीतून निवडायचा. कोपरा ओढला तरी नवे आकडे येत नाहीत, आणि किती आलं, किती वापरलं, किती उरलं याचा मेळ बसला नाही तर ओळ लाल होते. ताई सही करायच्या आधी प्रत्येक ओळ धोंडाबाईंच्या कार्डाशी लावून वाचतात, त्यामुळं त्यांना घरी जायला अजून उशीर होतो. मी म्हटलं, “ताई, आता लाल झाली तर दिसंलच की.” म्हणाल्या, “तू पण दिसत व्हतास. काय फायदा झाला?”

धातू शोधायच्या यंत्राचं कोटेशन दादाभाऊंच्या टेबलावर आहे. त्याच्यावर चहाच्या कपाचा गोल पडलाय.

वसतिगृहानं चिक्कीची ऑर्डर या सत्रापुरती थांबवली. त्यांचं बरोबर आहे. पण त्यामुळं सोपानची गाडी डिंभ्याच्या पुढं जात नाही. प्रयागबाईंची ढेप मी चांगली बघून आणली, ताईंनी तिला लॉट नंबर देऊन चिठ्ठी बांधली, आणि ती आमच्या स्टोअरला फळीवर बसून आहे. परवा टेकडीवर उभं राहून प्रयागबाईंनी फोन केला होता. कोठीची मोजणी आलीय म्हणाल्या. मी म्हणालो, बघतो.